‘पाचशे पानांचा अंदाज’ – पहिल्या वाचकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं पहिलं पुस्तक येतंय. कथासंग्रह आहे, नाव ‘पाचशे पानांचा अंदाज’. छापायला जायच्या आधी चाळीस वाचकांना ते फुकट वाचायला देणार आहे आणि त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने लिहावं अशी इच्छा आहे. हे जाहीर केल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत, काही तर नात्यातल्या लोकांचेच, म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

पुस्तक खरंच पाचशे पानांचं आहे का?

नाही हो! एकशे शहात्तर. सोळा पानांचा एक फॉर्म, असे अकरा फॉर्म. हा प्रश्न इतक्यांदा आलाय की नाव बदलावं असं दोनदा वाटून गेलं. आचाऱ्यांच्या भाषेत पान म्हणजे जेवणारा माणूस. ‘किती पानं?’ म्हणजे किती लोक जेवायला येणार. लग्नघरचे सांगतात चारशे, येतात सहाशे, नाहीतर सांगतात सहाशे आणि पाऊस लागून निम्मेच येतात. या सगळ्यात आचाऱ्याने आठ दिवस आधी किराण्याची याद लिहून द्यायची असते आणि त्या यादीत त्याची सगळी अक्कल, अनुभव आणि थोडा जुगार असतो. पुस्तकातल्या नऊही कथा या लोकांच्या आहेत, म्हणजे आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, मंडपवाला, आणि एका कथेत चुलाणाला लाकडं पुरवणारा एक म्हातारा. सातारा जिल्ह्यातली गावं, साधारण १९८० ते २००० चा काळ, गॅसची शेगडी यायच्या थोडं आधी आणि थोडं नंतर.

तू कोण? आधी काही छापून आलंय का?

दोन कथा दिवाळी अंकांत आल्यात, बस. वडील पस्तीस वर्षं लग्नातले आचारी होते, मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो, कांदे सोलायचो आणि पंगतीत मीठ वाढायचो. (मीठ सगळ्यात लहान पोराला देतात कारण सांडलं तरी नुकसान कमी.) आता नोकरी करतो, रात्री लिहितो. पुस्तक मीच काढतोय, लेखक मी आणि प्रकाशकही मीच. आवृत्ती पाचशे प्रतींची, किंमत अडीचशे रुपये.

‘पहिला वाचक’ म्हणजे नक्की काय करायचं?

दोन कामं आहेत आणि ती वेगवेगळी आहेत, हे आधीच सांगतो कारण मागच्या खेपेला माझाच यात घोळ झाला.

पहिलं काम म्हणजे चुका दाखवणं. दसऱ्यापर्यंत फाइल माझ्या हातात आहे, तोवर चुकलेला शब्द, गाळलेली ओळ, न पटणारा तपशील, जे दिसेल ते मला कळवायचं. हे फक्त मला, खाजगीत. दुसरं काम रिव्ह्यू, म्हणजे पुस्तक बाहेर आल्यावर तुम्हाला ते कसं वाटलं ते इतर वाचकांसाठी लिहायचं. ते माझ्यासाठी नाही, त्यामुळे त्यात माझं मन सांभाळायचं कारण नाही. यातलं पहिलं केलं आणि दुसरं नाही केलं तरी चालेल. उलटं केलं तरी चालेल. काहीच नाही केलं तर वाईट वाटेल पण वसुली करायला कोणी येणार नाही.

मागच्या खेपेला बारा जणांना कथा दिल्या होत्या आणि फक्त ‘कसं वाटलं सांगा’ एवढंच म्हटलं होतं. त्यातल्या सात जणांनी शेवटपर्यंत वाचलं आणि चौघांनी लिहून कळवलं. त्या चौघांपैकी एकाने फक्त ऱ्हस्व-दीर्घ काढून दिले, एकीने फक्त ‘रडले रे’ असं लिहिलं, आणि मला दोन्ही गोष्टी दोघांकडूनही हव्या होत्या. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं नीट.

चाळीसच का? शंभर दे की.

वरचाच हिशोब लावा. बारातले चार म्हणजे चाळीसातले तेरा-चौदा लिहितील. एका नवीन कथासंग्रहाला तेरा-चौदा खरे रिव्ह्यू खूप झाले. शंभर जणांना दिलं तर रिव्ह्यू वाढतील पण चुका दाखवणारे शंभर मेसेज एकट्याने वाचून, पडताळून, फाइलमध्ये घालणं मला नोकरी सांभाळून जमणार नाही. शिवाय पाचशेच्या आवृत्तीत शंभर लोकांनी फुकट वाचलं तर विकत कोण घेणार?

चुका म्हणजे कुठल्या? मी काही मराठीचा प्राध्यापक नाही.

प्राध्यापक नकोच आहेत (असाल तर आनंदच आहे). दोन खरी उदाहरणं देतो, म्हणजे अंदाज येईल.

पहिलं तांदळाचं. शीर्षककथेत आचारी याद लिहून देतो, त्यात पाचशे पानांना ‘पाच किलो तांदूळ’ असं होतं. मी ते कमीत कमी वीस वेळा वाचलं असेल, एका मित्राने व्याकरण तपासलं, डीटीपीवाल्याने लावलं, कोणाला काही दिसलं नाही. पहिल्या बारा वाचकांत एक ताई होत्या ज्यांचं स्वतःचं केटरिंग आहे, त्यांनी एका ओळीत उत्तर पाठवलं, ‘माणशी दहा ग्रॅम? उपवासाचं लग्न होतं का?’ पन्नास किलो लिहायचं होतं, माणशी शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ, शून्य उडालं होतं. गंमत म्हणजे ती सगळी कथाच अंदाज चुकण्यावर आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं असतं की आचाऱ्याने मुद्दाम कमी लिहिलं, आणि कथेचा अर्थच फिरला असता. ही चूक शुद्धलेखनवाल्याला दिसत नाही, ज्याने कधी मोठा भात टाकलाय त्यालाच दिसते.

दुसरं उदाहरण जास्त त्रासाचं आहे आणि त्यासाठी मला तुमच्या डोळ्यांची खरोखर गरज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी टाइप करतो युनिकोडमध्ये, म्हणजे तुम्ही मोबाइलवर करता तसंच. पण छपाईचं डीटीपी अजूनही बऱ्याच ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये होतं, जिथे अक्षर हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं, नुसता आकार असतो. त्यामुळे माझी फाइल कन्व्हर्टरमधून काढावी लागली आणि त्यात ऱ्य चा र्य झाला. म्हणजे र आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो तो वेगळा आणि डोक्यावर रफार चढतो तो वेगळा, कन्व्हर्टरला हा फरक कळला नाही. आता बाकी पुस्तकात हे झालं असतं तर खपलंही असतं, पण माझं पुस्तक आचाऱ्यांवर! ‘आचाऱ्यांनी जिलबी तळायला घेतली’ याचं झालं ‘आचार्यांनी जिलबी तळायला घेतली’. एकेचाळीस ठिकाणी. एका पानावर तर ‘आचार्यांना दारू पाजू नका म्हणून मालकाने बजावलं होतं’ असं वाक्य आलं, ते वाचून मी आधी हसलो आणि मग घाम फुटला.

यात वाईट असं की स्पेलचेकर काहीच बोलत नाही, कारण आचार्य हाही बरोबर शब्दच आहे. तसंच दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, दोन्ही बरोबर. दुसर्‍या, नवर्‍या, वार्‍या असे शब्द बिघडले तर कळायला हवं, पण आपल्या सगळ्यांचे डोळे रोज मेसेजमध्ये ‘दुसर्या’ वाचून इतके निर्ढावलेत की छापील पानावरही ते निसटतं. मी शोधून शोधून दुरुस्त केलंय, तरी एखादं राहिलंच असेल. वाचताना आचारी, दरी, नवरा, वारा, दुसरा, बरा, सुरी या शब्दांची रूपं आली की जरा थांबून बघा, एवढीच विनंती.

चूक कळवायची कशी?

पान नंबर लिहा आणि त्या ओळीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवा. पीडीएफमधून मजकूर कॉपी करून पाठवू नका, जुन्या फॉन्टमुळे पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती मिसळ होते आणि मला काही कळत नाही. ई-पबवाल्यांना पान नंबर दिसणार नाही (अक्षर मोठं केलं की पानं बदलतात), त्यांनी कथेचं नाव आणि आजूबाजूचे चार शब्द लिहावेत.

ई-पब घेऊ का पीडीएफ का कागदावरचं?

मोबाइलवर वाचणार असाल तर डोळे झाकून ई-पब घ्या. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जसाच्या तसा फोटो समजा, मोबाइलवर ती ओळ वाचायला बोटांनी ताणायची, मग डावीकडे सरकवायची, उजवीकडे सरकवायची, तिसऱ्या कथेपर्यंत तुम्ही मला शिव्या द्याल. लॅपटॉप किंवा मोठा टॅब असेल तर पीडीएफ उत्तम, आणि र्य-ऱ्य च्या चुका खऱ्या तिथेच सापडतील कारण छापायला तीच फाइल जाणार आहे. ई-पब माझ्या मूळ युनिकोड फाइलवरून केलंय, त्यात ही भानगड नाही.

ई-पबमध्ये काही ॲपवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतील. ती पुस्तकातली चूक नाही, ॲपच्या फॉन्टचं काम आहे, ते कळवू नका प्लीज.

कागदी प्रती फक्त दहा आहेत, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेल्या, स्पायरल बायंडिंग. त्या साठीच्या पुढच्या वाचकांसाठी आणि ज्यांना स्क्रीनवर वाचता येत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवल्यात. जास्त पाठवल्या असत्या, पण पोस्टाची रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि दहापुढे माझं बजेट हलतं.

वेळापत्रक काय आहे?

पहिला वाचक व्हायचं असेल तर त्याचा अर्जाचा फॉर्म गणपती बसेपर्यंत भरायचा. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांत फाइल तुमच्याकडे येईल. दसऱ्यापर्यंत चुका कळवायच्या, म्हणजे साधारण साडेतीन आठवडे मिळतात. (पितृपक्षात नवीन पुस्तक लोकांना वाचायला द्यायचं का, असं आईने विचारलं. पुस्तक नंतर येतंय, आत्ता फक्त चुका काढतायत, असं सांगितल्यावर तिला पटलं, ‘चुका काढायला चांगलाच आहे पंधरवडा’ म्हणाली.) कोजागिरीला फाइल प्रेसमध्ये जाईल. आधी दिली असती तरी उपयोग नव्हता, दिवाळी अंकांची छपाई चालू असताना पाचशे प्रतींच्या नवख्या लेखकाला कोणी उभं करत नाही, प्रेसवाल्याने स्पष्टच सांगितलं की अंक बाहेर पडू देत, मग तुमचं घेतो. छपाई, बायंडिंग धरून दहा-बारा दिवस. पुस्तक येणार तुळशीच्या लग्नाला. तुळशीचं लग्न लागलं की लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि आचाऱ्यांचा सीझनही, म्हणून ती तारीख धरून ठेवलीय.

दसऱ्यानंतर सापडलेली चूकही कळवा, दुसऱ्या आवृत्तीत जाईल. दुसरी आवृत्ती निघाली तर.

रिव्ह्यू कुठे टाकायचा आणि कधी?

गुडरीड्सवर पुस्तक प्रकाशित व्हायच्या आधीही रिव्ह्यू टाकता येतो, तिथे पान तयार करून ठेवतोय. ॲमेझॉनवर मात्र पुस्तक विक्रीला आल्यानंतरच. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नुसतं खातं असून भागत नाही, त्या खात्यावरून ठरावीक रकमेची खरेदी झालेली असावी लागते, नाहीतर रिव्ह्यू घेतच नाही. दोन, तुम्ही पुस्तक तिथून विकत घेतलेलं नसल्यामुळे तुमच्या रिव्ह्यूवर ‘व्हेरिफाइड पर्चेस’ असा शिक्का येणार नाही. त्याने बिघडत काही नाही, फक्त ‘माझा रिव्ह्यू वेगळा का दिसतोय’ म्हणून घाबरून जाऊ नका.

शोधताना नावाने शोधलंत तर पंचाईत होऊ शकते, कारण मराठी नावं रोमन लिपीत प्रत्येक जण वेगळी लिहितो. आयएसबीएन नंबर टाकून शोधा, तो फाइलच्या दुसऱ्या पानावर आहे. छापील पुस्तकाचा आणि ई-बुकचा नंबर वेगवेगळा असतो, छापीलचा टाका. (नवीन लेखकांसाठी सांगतो, आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. त्याचे हजारो रुपये मागणारे लोक भेटतात, देऊ नका.)

यातलं काहीच नको असेल तर तुमच्या फेसबुकवर लिहा, व्हॉट्सॲप स्टेटसला दोन ओळी टाका, वाचनालयाच्या ग्रुपवर बोला. मराठी पुस्तकं खरी तिथेच खपतात असं माझं मत आहे.

फुकट पुस्तक मिळालं हे रिव्ह्यूमध्ये सांगायचं का?

हो. ‘लेखकाने छापण्याआधी वाचायला दिलं होतं’ एवढं एक वाक्य. लपवण्यासारखं त्यात काही नाही. ॲमेझॉनचा नियमही असाच आहे, लेखकाने पुस्तक फुकट दिलं तर चालतं, पण त्या बदल्यात रिव्ह्यू लिहिलाच पाहिजे किंवा चांगलाच लिहिला पाहिजे अशी अट घालता येत नाही. पैसे, गिफ्ट व्हाउचर, ‘तू माझा लिही मी तुझा लिहितो’ हे काहीही चालत नाही. त्या शेवटच्या प्रकाराचे मला आत्ताच तीन मेसेज आलेत. तिघांनाही नाही म्हटलंय, त्यांची पुस्तकं मी विकत घेऊन वाचेन आणि मनात येईल ते लिहीन. खोट्या रिव्ह्यूंवर सरकारनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोतर्फे एक मानक काढलंय, म्हणजे हा काही फक्त माझा सोवळेपणा नाही.

मी तुझी सख्खी मावशी आहे. मी पाच स्टार देते!

मावशी, नको. ॲमेझॉन घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू काढून टाकतं, आणि कधी कधी त्यांच्याबरोबर खरे वाचकही उडतात. तू मला फोन करून सांग, तसंही सांगणारच आहेस. आणि पुस्तक विकत घे. दोन घे.

हेच मामा, काका, ऑफिसमधले लोक आणि दहावीच्या ग्रुपलाही लागू आहे.

नाही आवडलं तर?

तर तसं लिहा. मनापासून सांगतो, पाच स्टार आणि ‘अप्रतिम, नक्की वाचा’ याचा मला उपयोग शून्य आहे, आणि वाचणाऱ्यालाही कळतं की हा शेजारी असणार. तीन स्टारचा, कारण सांगणारा रिव्ह्यू एखाद्याला पुस्तक घ्यायला लावतो, कारण तुम्हाला जे आवडलं नाही तेच कदाचित त्याला हवं असतं.

पहिल्या फेरीतल्या एका वाचकाने लिहिलं होतं, ‘चौथी कथा जिथे संपली तिथून पुढे आणखी दोन पानं चालू राहते. वाढपी पोरगा रिकाम्या मंडपात एकटा जेवायला बसतो तिथे कथा संपली होती, पुढे तो शहरात जाऊन काय झाला हे मला नको होतं.’ तीन दिवस मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडून होतो. चौथ्या दिवशी ती दोन पानं काढून बघितली आणि परत घातली नाहीत. दुसरी एक म्हणाली की संवादातली सातारी बोली समजायला जड जाते, ती पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सोपी कर. ते मी ऐकलं नाही. शेवटी दीड पानाचे शब्दार्थ दिलेत, पण चुलाणापाशी बसलेला माणूस प्रमाण मराठी बोलायला लागला तर तो माझ्या ओळखीचा राहत नाही. ती तिच्या रिव्ह्यूमध्ये ही तक्रार लिहू शकते आणि तिने लिहावीच, ज्याला बोलीचा कंटाळा आहे त्याला आधी कळेल.

रिव्ह्यूमध्ये लिहू काय? मला समीक्षा वगैरे येत नाही.

समीक्षा नकोच. शेजारच्याने विचारलं ‘काय वाचतोयस, कसंय?’ तर जे सांगाल ते. कुठली कथा लक्षात राहिली, कुठे कंटाळा आला, एका बैठकीत वाचलं का रेंगाळत, अशा पाच-सहा ओळी. शेवट फोडू नका, विशेषतः सातव्या कथेचा. मराठीत लिहा, देवनागरीत लिहिलंत तर सोन्याहून पिवळं, पण रोमनमध्ये टाइप करायची सवय असेल तर तसंही चालेल, अडून बसू नका.

पुस्तकातला उतारा टाकला तर चालेल का?

दोन-चार ओळी, एखादा परिच्छेद, खुशाल. समीक्षेसाठी थोडा मजकूर उद्धृत करायला १९५७ चा कॉपीराइट कायदाच परवानगी देतो, माझी वेगळी परवानगी नको. फक्त दसऱ्याच्या आधी उतारा टाकू नका, कारण ते वाक्य बदललेलं असू शकतं. अख्खी कथा टाकायची नाही. अख्ख्या कथेचं वाचन करून ऑडिओ टाकायचा असेल तर मला विचारा.

फाइल मित्राला फॉरवर्ड केली तर?

नका ना करू. प्रत्येक फाइलवर एक नंबर आहे, तळाला बारीक अक्षरात, पण तो धाक दाखवायला नाही, फिरायला लागली तर कुठून निघाली ते मला कळावं म्हणून आहे. व्हॉट्सॲपवर ‘५०० मराठी पुस्तकांचा खजिना’ म्हणून पीडीएफ फिरतात ते तुम्हाला माहिती आहे, पाठवणाऱ्याला वाटतं आपण वाचनसंस्कृती जपतोय. या फाइलचं दुखणं आणखी वेगळं आहे, ही चुका असलेली फाइल आहे. ही फिरली तर दहा वर्षांनीही कोणाच्या तरी मोबाइलवर आचार्य जिलबी तळत असतील! मित्राला वाचायचं असेल तर त्याला फॉर्म भरायला सांगा.

फॉर्ममध्ये एवढे प्रश्न कशाला?

चारच आहेत. कशावर वाचणार, शेवटचं कुठलं मराठी पुस्तक वाचलं (कुठलंही चालेल, पाककृतीचंही), साडेतीन आठवड्यांत वेळ मिळेल का, आणि लग्नाच्या जेवणाशी तुमचा काही संबंध आलाय का. शेवटचा प्रश्न तांदळामुळे घातलाय. चाळीसपैकी निदान आठ-दहा जण असे हवेत ज्यांनी स्वतः मोठा स्वयंपाक केलाय किंवा पंगती वाढल्यात. बाकीचे असे हवेत ज्यांना यातलं काही माहिती नाही, म्हणजे कुठे समजत नाही ते कळेल. पहिले भरले त्यांना पहिले असं नाही, दोन्हीकडचे लोक बघून निवडणार आहे. निवड झाली नाही तर राग मानू नका.

मी पेपरात / मासिकात परीक्षण लिहितो. वेगळी प्रत मिळेल का?

मिळेल, पण छापील, तुळशीच्या लग्नानंतर. पेपरांना परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायचा रिवाज आहे, त्यासाठी वीस प्रती बाजूला काढल्यात. त्यातल्या बहुतेक ‘साभार पोच’मध्ये एका ओळीत जातील याची मनाची तयारी आहे. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते, त्या चार वेगळ्या. पाचशे म्हणता म्हणता अशा कमी होतात.

परदेशात राहतो, चालेल का?

ई-पब, पीडीएफला काहीच अडचण नाही. रिव्ह्यू टाकताना मात्र बघा, पुस्तक भारतातल्या ॲमेझॉनवरच असेल, तुमचं खातं तिकडच्या साइटचं असेल तर कदाचित अडेल. गुडरीड्सवर टाका, तिथे देशाचा प्रश्न येत नाही.

तुझ्या बाबांनी वाचलं का?

वाचलं नाही, ऐकलं. त्यांना चष्मा लावून वाचायचा कंटाळा आहे म्हणून मी रोज रात्री एक कथा वाचून दाखवली. नऊ रात्री. कथांबद्दल ते फार काही बोलले नाहीत पण तिसऱ्या कथेत मध्येच हात वर करून थांबवलं, ‘जिलबीचं पीठ सकाळी भिजवून दुपारी तळली? आदल्या रात्री भिजवतात. आंबट कधी होणार ते?’ लगेच दुरुस्त केलं. आणि ज्या कथेत मी त्यांच्यावरूनच माणूस उभा केला होता ती ऐकल्यावर म्हणाले, ‘हा माणूस फार बोलतो.’ त्याचेही चार संवाद काढले.

प्रकाशनाचा कार्यक्रम आहे का? जेवण आहे का?

आहे, गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, भाषणं दोनच. जेवण आहे, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. चाळीस वाचकांना आमंत्रण आहेच, येणाऱ्यांनी किती जण येणार ते आठ दिवस आधी नक्की कळवा, कारण याद बाबा लिहिणार आहेत आणि त्यांनी आत्ताच विचारायला सुरुवात केलीय, किती पानं.